हृदयाच्या वर पाय

गिरगावातल्या आमच्या चाळीचा जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या मी एकच समजलो आणि उजव्या घोट्याचे बाहेरचे हाड मोडले. सांधा जागचा हलला नव्हता, त्यामुळे शस्त्रक्रिया टळून प्लास्टरवर भागले. "पाय हृदयापेक्षा उंच ठेवा," असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा मी आज्ञाधारकपणे खुर्चीत बसलो आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत बोटांचे बटाटेवडे झाले. आईने शिवणाची टेप आणून मोजले, तर माझे हृदय पायापेक्षा चांगले दीड फूट वर निघाले.

एरवी चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातले रक्त वर ढकलतात. प्लास्टरमध्ये हा पंप जवळजवळ बंद पडतो आणि लोंबकळत्या पायात पाणी साठत जाते. म्हणून मी आडवा झालो, पोटरीखाली दोन उशा आणि गोधडीची वळकटी घातली, टाच मोकळी ठेवली आणि जागेपणी तासातासाला बोटे हलवू लागलो. समाचाराला आलेले लोक उंचावलेल्या पायाशीच बोलत. उंच ठेवूनही कळ वाढत गेली, बोटे बधिर, पांढरी किंवा निळी पडली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, एवढे मात्र आईने पाठ केले होते.

सहा आठवड्यांनी एक्स-रे पाहून डॉक्टरांनी प्लास्टर काढले, बूट चढवला आणि वीस किलोपर्यंतच भार देण्याची परवानगी दिली. पायाला वीस किलो कसे कळावेत? फिजिओथेरपिस्टबाईंनी वजनकाटा मागवला. दुखरा पाय काट्यावर, चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर आणि हात वॉकरवर, अशी माझी स्थापना झाली. भीतीपोटी काटा सहावर अडला. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि तो चव्वेचाळीसवर गेला. न पाहता वीस जमेपर्यंत हा रियाज चालला. पुढची वाढ त्या सांगतील तेव्हाच. दुसऱ्या सकाळी सूज किंवा दुखणे वाढलेले दिसले, की मागच्या आकड्यावर परत.

बुटातून सुटलेला घोटा मात्र गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. पायाने हवेत मुळाक्षरे गिरवताना 'क' निभावला, 'ळ' ने घाम काढला. पूर्ण भाराची परवानगी मिळाल्यावर खरी परीक्षा भिंतीशी झाली: टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर राहतो ते मोजायचे. डावा पाय दहा सेंटिमीटर, उजवा दोन. चाळीतल्या सार्वजनिक शौचालयात उकिडवे बसणाऱ्या माणसासाठी हा फरक तात्त्विक नसतो.

आज उजवा सातवर आला आहे. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या मी मोठ्याने मोजतो आणि वरच्या मजल्यावरच्या काकू "दोन!" म्हणून दुजोरा देतात.