रेटिंगमुळे बंद झालेल्या आयडीसाठी अर्ज लिहिताना

छत्रपती संभाजीनगरमध्ये गारखेडा परिसरात माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती हे आमचे रोजचे काम. परंतु हल्ली जेवणाची पार्सले पोहोचवणारी आणि रिक्षा-टॅक्सी चालवणारी मुलेही बंद पडलेली आयडी घेऊन येतात. गेल्या सप्टेंबरमध्ये पैठण तालुक्यातला एक मुलगा असाच आला. फोनची काच तडकलेली, पावसासाठी त्यावर पॉलिथिनची पिशवी गुंडाळलेली, आणि आत एकच ओळ दिसत होती: रेटिंग किमान मर्यादेपेक्षा कमी असल्याने आपले खाते निष्क्रिय करण्यात आले आहे. "काका, आयडीच उडवली हो त्यांनी," एवढेच तो म्हणाला. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हा अनुभव अनेक ठिकाणचा आहे.

माझ्याकडे येण्याआधी त्याने स्वतःच अपील पाठवले होते. त्यात घरची परिस्थिती, गाडीचा हप्ता, आईचे औषधपाणी आणि "सर, प्लीज एक चान्स द्या" असे सारे होते. चार मिनिटांत नकार आला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, तरीही अर्ज फेटाळला गेला, आणि याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. पलीकडे बसलेल्या माणसाला तपासून पाहता येईल असे त्यात काहीच नव्हते. खाते का बंद झाले याची नोंद त्याच्यासमोर एका आकड्याच्या रूपात असते. तो आकडा का घसरला आणि त्यातला किती भाग रायडरच्या हातात नव्हता, हे ऑर्डर क्रमांक आणि वेळ यांसह दाखवले, तरच त्याला नोंद उघडून पाहण्याचे कारण मिळते.

म्हणून आम्ही आधी आकडा उलगडला. त्याच्या ॲपमध्ये शेवटच्या १०० रेटिंगची सरासरी धरली जात होती आणि किमान मर्यादा ४.३ होती. आयडी बंद होण्याच्या दिवशी त्याच्या खात्यावर पाच स्टारची ७४, चारची ९, तीनची ३ आणि एक स्टारची १४ रेटिंग होती, म्हणजे बेरीज ४२९ आणि सरासरी ४.२९. सुदैवाने रेटिंगच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवण्याची त्याला सवय होती. बुधवारी रात्रीच्या स्क्रीनशॉटमध्ये एक स्टारची संख्या ६ होती आणि रविवारी सकाळी ती १४ झाली होती. ही आठ रेटिंग वजा केली तर उरलेल्या ९२ ची सरासरी ४.५८ येते. सगळा प्रश्न गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार या तीन संध्याकाळींचा होता, आणि तिन्ही दिवशी शहरात मुसळधार पाऊस होता.

इथे एक अडचण येते, ती लपवून उपयोग नाही. कोणत्या ग्राहकाने किती स्टार दिले हे रायडरला दिसत नाही. त्यामुळे "अमुक ऑर्डरवर मला एक स्टार मिळाला" असे ठामपणे लिहिले, तर ते सिद्ध करता येत नाही आणि एखादे विधान चुकीचे निघाल्यास पूर्ण अर्जावरचा विश्वास उडतो. आम्ही त्या तीन संध्याकाळच्या उशिरा पोहोचलेल्या आठ ऑर्डर शोधल्या, त्यांचे क्रमांक दिले आणि कंपनीने आपल्याकडील रेटिंगशी त्या ताडून पाहाव्यात अशी विनंती केली. माहिती त्यांच्याकडेच असते. कुठे पाहायचे, एवढेच आपण सांगायचे.

आठपैकी पाच ऑर्डर एकाच हॉटेलच्या होत्या. त्यातली एक पाहा: ऑर्डर स्वीकारली ८.०४ ला, हॉटेलवर पोहोचला ८.११ ला, पार्सल हातात आले ८.४३ ला आणि ग्राहकाच्या दारात पोहोचले ८.५८ ला. म्हणजे भर पावसात गाडी चालवायला पंधरा मिनिटे लागली आणि हॉटेलच्या काउंटरसमोर उभे राहण्यात बत्तीस मिनिटे गेली. ग्राहकाला मात्र समोर दिसला तो हा मुलगाच. पोहोचल्याबरोबर त्याने ॲपमधले "पोहोचलो" हे बटण दाबले होते आणि पार्सल तयार नसल्याचे सपोर्टच्या चॅटवर दोनदा कळवले होते, म्हणून ही बत्तीस मिनिटे नोंदीत सापडण्यासारखी होती. उरलेल्या तीन ऑर्डर देवळाईकडच्या नव्या वसाहतींतल्या होत्या. तिथे पत्त्यात गट नंबर आणि प्लॉट नंबर लिहिलेला असतो, पण नकाशावरचा पिन गटाच्या एका कडेला पडतो आणि घर चार गल्ल्या पलीकडे असते.

अर्जाचा मुख्य भाग आम्ही असा लिहिला: "माझे खाते रेटिंगच्या कारणावरून बंद झाले आहे. सोबतच्या दोन स्क्रीनशॉटनुसार गुरुवार ते शनिवार या काळात एक स्टारची संख्या ६ वरून १४ झाली. याच काळातील खालील आठ ऑर्डरना उशीर झाला. पहिल्या पाच ऑर्डरमध्ये पार्सल हॉटेलकडून उशिरा मिळाले व उर्वरित तीनमध्ये नकाशावरील ठिकाण चुकीचे होते. प्रत्येक ऑर्डरच्या वेळा सोबत दिल्या आहेत. कृपया या ऑर्डरवरील रेटिंग तपासावीत आणि उशीर माझ्यामुळे झाला नसल्याचे आढळल्यास ती सरासरीतून वगळून निर्णयाचा फेरविचार करावा. आधीच्या सहा कमी रेटिंगबद्दल माझी तक्रार नाही." हे शेवटचे वाक्य घालायला तो तयार नव्हता. मी आग्रह धरला, कारण सगळेच नाकारणाऱ्याचे काहीच ऐकले जात नाही, असे मी वारंवार पाहिले आहे.

नऊ दिवसांनी उत्तर आले. हॉटेलच्या पाच ऑर्डरवरची रेटिंग वगळली, उरलेल्या ९५ ची सरासरी ४.४६ झाली आणि आयडी सुरू झाली. देवळाईच्या तीन ऑर्डर मात्र मान्य झाल्या नाहीत, कारण त्या वेळी त्याने ॲपमध्ये पत्ता चुकल्याची नोंद केली नव्हती. ग्राहकाला फोन लावून विचारत विचारत तो पोहोचला होता, आणि तो फोन केवळ त्याच्या मोबाइलच्या यादीत होता. चांगुलपणाने निभावून नेलेले काम कुठेच नोंदले जात नाही, याचे मला फार वाईट वाटले.

आयडी बंद झाल्याचा संदेश येताच, ॲपमधून बाहेर फेकले जाण्याआधी, ऑर्डरची यादी, रेटिंगचे पान आणि सपोर्टचे चॅट यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. नंतर ते पाहायला मिळतीलच असे नाही. भावाच्या किंवा मित्राच्या कागदपत्रांवर दुसरी आयडी काढू नये. सेल्फी पडताळणीत ते पकडले जाते, आणि मग कमी रेटिंगचे प्रकरण फसवणुकीचे होऊन बसते. पैसे घेऊन आयडी उघडून देतो म्हणणाऱ्याला ओटीपी तर मुळीच देऊ नये.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने गिग कामगारांची व्याख्या केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण तिचा भर कल्याणकारी योजनांवर आहे, आयडी बंद करण्यापूर्वी ऐकून घेण्यावर नाही. कर्नाटकने २०२५ च्या आपल्या कायद्यात लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक केली आहे. आपल्या राज्यातही तसेच व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. या मुलाला चौदा दिवस आधी सूचना मिळाली असती, तर हाच अर्ज त्याने काम चालू असताना केला असता आणि त्याची नऊ दिवसांची कमाई बुडाली नसती. आता तो हॉटेलवर पोहोचताच बटण दाबतो, आणि देवळाईत पिन चुकला की आधी ॲपमध्ये नोंद करतो, मग ग्राहकाला फोन लावतो.