बारा वाजले की याचे बारा वाजतात

आज पुन्हा. 11 वाजून 52 मिनिटं. टळटळीत ऊन, आभाळात औषधाला ढग नाही, आणि गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचा तो आवाज आला. टक. आता तो आवाज मला झोपेतही ऐकू येतो. वर गेलो तर तांबडा दिवा आणि स्क्रीनवर तेच: `Grid Overvoltage`. मिनिटभर थांबतो, पुन्हा टक करून जोडतो, हळूहळू चढतो आणि पूर्ण जोरात आला की परत टक. पावणेतीनपर्यंत हाच खेळ. सकाळी सातला, जेव्हा पॅनल जेमतेम दोनशे वॉट देतात, तेव्हा मात्र साहेब एकदम शहाण्यासारखे चालतात.

कंत्राटदाराला फोन केला की, "सर, ग्रिडचा प्रॉब्लेम आहे सर." वीज कार्यालयात गेलो की, "तुमच्या इन्व्हर्टरचा प्रॉब्लेम आहे." मधे मी, डोक्याला टॉवेल गुंडाळून. हेच कार्यालय, ज्यांनी नेट मीटरसाठी चार महिने लटकवलं. आणि हाच कंत्राटदार, ज्याने टाकीच्या पाइपला भोक पाडून "ते आधीपासूनच होतं सर" म्हटलं. एका वाक्यात दोनदा सर म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटी मल्टिमीटर घेतला आणि स्वतःच बसलो. भर दुपारी, इन्व्हर्टर जोरात असताना, त्याच्या टर्मिनलवर 254 व्होल्ट. धावत खाली, फाटकाजवळच्या मीटरवर 247. इन्व्हर्टर बंद केला, तर मीटरवर 243. झालं, पंचनामा पूर्ण. नियमाने 230 च्या वर दहा टक्के, म्हणजे 253 ओलांडले की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत सुटायचं. तो बिचारा नियम पाळतोय. एवढ्या सगळ्यांत नियम पाळणारा तो एकटाच.

गच्ची ते मीटर हे मधले 7 व्होल्ट कुठून आले? वायरीतून. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला ग्रिडपेक्षा वर चढावं लागतं, आणि वायर जितकी लांब आणि बारीक तितकं जास्त. या कंत्राटदार महाशयांनी मागच्या भिंतीवरून, संडासाला वळसा घालून 38 मीटर वायर फिरवली आहे. जाणारी-येणारी धरून 76. तीही 4 स्क्वेअर एमएमची. तिचा रोध जवळपास 0.37 ओहम. पाच किलोवॉटचे 19 अँपिअर त्यातून गेले की होतात 7 व्होल्ट. 10 स्क्वेअर टाकली असती तर तीनच्या आत मामला होता. किती वाचवले असतील? आणि त्याचा उपाय काय, तर "सर, सेटिंग 270 करून देतो." म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलायचा, आणि 263 व्होल्टपर्यंत खायचे माझ्या फ्रिजने!

तोवर मी काय करतो ते सांगायला लाज वाटते. भर मे महिन्यात दुपारी बारा वाजता गीझर लावतो. घरातच आठ अँपिअर खपले की खांबाकडे कमी जातं, दीड-पावणेदोन व्होल्ट उतरतात आणि इन्व्हर्टर तग धरतो. गच्चीच्या वायरीतले 7 काही हलत नाहीत, पण तेवढ्याने भागतं. बायको म्हणते, "फुकटची वीज वाचवायला फुकटची वीज जाळा." उकळत्या पाण्याचं काय करायचं, हे दोघांनाही माहीत नाही. रविवारी तर गीझरही पुरत नाही. गल्लीतली वर्कशॉपं बंद आणि आणखी तिघांची सोलर चालू.

राहिले ते 243. ते डीपीवरूनच, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरूनच येतात. तिच्या पाटीवर दोन फेजमधलं 433 लिहिलेलं असतं, घरातल्या एका फेजसाठी 1.732 ने भागा, 250 येतात. लोड नसला की ती तेवढं देणारच. तिच्यात व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप असतो, तो एक घर खाली घेतला तर सहाएक व्होल्ट उतरतील, त्यासाठी डीपी थोडा वेळ बंद करावी लागेल, बस. हे सगळं काल वायरमनला तावातावाने सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "काका, टॅप वर घ्यायचा अर्ज तुम्हीच दिला होता ना? संध्याकाळी 205 येतंय म्हणून?"

दिला होता. दोन वर्षांपूर्वी. पंखे रांगतात, मिक्सर कण्हतो म्हणून. गल्लीतल्या बावीस सह्या मीच दारोदार फिरून गोळा केल्या होत्या, पहिली माझी.

आता टॅप खाली घ्यायला गेलो तर तेच बावीस जण संध्याकाळी माझ्या दारात. त्यामुळे गपचूप 10 स्क्वेअरची वायर सांगून आलोय, स्वखर्चाने. ती शनिवारी येणार आहे. आत्ता 12 वाजून 40, गीझर चालू आहे, आणि

टक.