फोटोतले अधिक की उणे? आधी एवढेच विचारा

नाशिकमध्ये गेली अनेक वर्षे मी घरीच दहावीचे गणित शिकवतो. संध्याकाळी सात वाजल्यानंतर माझ्या व्हॉट्सअॅपवर वर्कशीटचे फोटो येऊ लागतात आणि त्यांतले निम्मे तरी पुसट, सावलीतले किंवा तिरके असतात. असा फोटो आल्यावर बहुतेक शिक्षक आणि पालक अंदाजाने वाचतात आणि उत्तर नीट आले की वाचन बरोबर होते असे धरून चालतात. मलाही तीच सवय होती. ती कशी मोडली ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सिडकोतल्या एका विद्यार्थिनीने वर्गसमीकरणांची वर्कशीट पाठवली होती. कागद चौघडी घातलेला होता आणि वर मोबाइलची सावली पडली होती. एक उदाहरण मी x² − 5x + 6 = 0 असे वाचले, अवयव पाडले आणि मुळे २ व ३ येतात असे लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले की वर्गातले उत्तर ६ आणि −१ आहे. मूळ कागद पाहिला तेव्हा समीकरण x² − 5x − 6 = 0 असे होते आणि कागदाची उभी घडी नेमकी त्या उणे चिन्हावरून गेली होती. घडीच्या कडेला पडलेली बारीक सावली उभ्या रेघेसारखी दिसली आणि मी उणेचे अधिक करून टाकले.

यातली खरी अडचण अशी की दोन्ही समीकरणांचे अवयव पूर्णांकात पडतात, त्यामुळे उत्तर सुटसुटीत आले यावरून वाचन बरोबर असल्याचे काहीही सिद्ध होत नाही. अवयव पडलेच नसते तर मला निदान शंका आली असती. येथे ती येण्याचे कारणच नव्हते. म्हणून माझे मत असे झाले आहे की, ज्या चिन्हाचे किंवा अंकाचे दोन अर्थ लागू शकतात आणि दोन्ही अर्थांनी उदाहरण सुटते, तेच सर्वांत आधी विचारून घ्यावे. बाकीची अस्पष्टता थोडी थांबू शकते.

याच्या उलटही घडते. फोटो काढताना हात आडवा हलला तर बारीक उभ्या रेघा दोन्ही बाजूंना पसरून फिकट होतात आणि आडव्या रेघा जवळजवळ तशाच राहतात, त्यामुळे अधिकाचे चिन्ह उणे दिसू लागते. असा संशय आला की मी त्याच ओळीतल्या इतर उभ्या रेघा पाहतो. बरोबरच्या चिन्हाच्या रेघा ठळक असतील पण 1 हा अंक किंवा कंसांच्या उभ्या बाजू विरलेल्या असतील, तर त्या ओळीतल्या कोणत्याही उणे चिन्हावर विसंबून राहू नये.

सावली आणि हललेला फोटो यांत एक फरक आहे. सावलीखालचे अक्षर बहुधा फोटोत शिल्लक असते. फोनमधल्या एडिटमध्ये उजेड वाढवला की पुष्कळदा ते वाचता येते. हललेल्या फोटोतला तपशील मात्र मोठा करून परत येत नाही, तेथे वेळ न घालवता विचारावे. शक्य असल्यास फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आणखी आकसतो.

तिरक्या फोटोचा त्रास भूमितीत जास्त होतो. खालच्या बाजूने फोटो घेतला की पानाची वरची कड आखूड दिसते, चौरस समलंबासारखा वाटतो आणि काटकोन काटकोन राहत नाही. त्यामुळे आकृती कशी दिसते यावरून काहीच ठरवू नये. कोनात काटकोनाची छोटी चौकट आहे का आणि समांतर रेषांवर बाण आहेत का, एवढेच विचारावे.

आता विचारावे कसे, हेही सांगतो, कारण मी येथेही चुकलो आहे. ‘शेवटी अधिक सहाच आहे ना?’ असे विचारले की मुले कागदाकडे न पाहता ‘हो सर’ म्हणतात. ‘नीट फोटो पाठव’ असे म्हटले तर त्याच दिव्याखाली त्याच घडीचा दुसरा फोटो येतो. म्हणून मी लिहितो, ‘चौथ्या उदाहरणातले सहाच्या आधीचे चिन्ह कागदावर बघून शब्दात लिही.’ सोबत पानाच्या सर्वांत वर छापलेली सूचनाही टाइप करून मागतो, कारण फोटोत बहुतेक वेळा तीच कापली जाते आणि ‘अवयव पद्धतीने सोडवा’ की ‘सूत्राचा वापर करून सोडवा’ हे त्या ओळीतच असते.

रात्री कोणी उत्तर देत नसेल तर मी सोडवतो, पण उत्तराच्या आधी पहिल्या ओळीत लिहितो, ‘मी हे x² − 5x − 6 = 0 असे वाचले आहे.’ कागद मुलीच्या हातात असतो, त्यामुळे चूक असेल तर तिला ती तेथेच दिसते आणि खालचे काही वाचावे लागत नाही.