सांगाडा सोडून काढलेली यू-व्हॅल्यू

«सांगाड्याच्या भिंतीत 90 मिमी रॉकवूल भरलं की यू-व्हॅल्यू 0.36, विषय संपला. लाकडी सांगाडा जेमतेम 15 टक्के जागा घेतो आणि स्टीलचा तर 1 टक्कासुद्धा नाही, त्यामुळे तो धरायची गरजच नाही. फारच काटेकोर असाल तर आर-व्हॅल्यूची क्षेत्रफळाप्रमाणे सरासरी काढा. आणि पुण्यात एवढा कीस काढायचा कशाला?»

गच्चीवर खोली चढवणाऱ्या किंवा मुळशीकडे फार्महाऊस बांधणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर हा मजकूर एव्हाना पोचलेला आहे. माझ्याकडे तो तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने सोबत कोटेशनही जोडलं होतं आणि त्यात हाच 0.36 छापलेला होता.

यू-व्हॅल्यू म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असताना भिंतीच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा; जितका कमी तितकी भिंत चांगली. आर-व्हॅल्यू म्हणजे भिंतीचा रोध, 1 भागिले यू. 0.36 हा आकडा खोटा नाही, पण तो दोन स्टडच्या, म्हणजे सांगाड्याच्या उभ्या खांबांच्या, मधल्या जागेचा आहे. एक भिंत घेऊ: बाहेर 10 मिमी सिमेंट बोर्ड, मध्ये 90 मिमी रॉकवूल, आत 12.5 मिमी जिप्सम बोर्ड. दोन्ही बोर्ड आणि आतबाहेरचे हवेचे थर मिळून रोध 0.26 होतो. रॉकवूलची उष्णतावाहकता 0.036 धरली तर तिचा रोध 2.5. बेरीज 2.76, आणि 1 भागिले 2.76 म्हणजे 0.36 वॅट प्रति चौरस मीटर केल्विन. इथपर्यंत गणित बरोबर आहे. फक्त या भिंतीला उभं राहायला काहीच ठेवलेलं नाही.

आता लाकूड घालू. 50 मिमीचे स्टड 600 मिमीवर लावले तर ते सुमारे 8 टक्के भरतात. पण वरची-खालची पट्टी, आडवे तुकडे, खिडकीभोवतीची चौकट हे सगळं मोजलं की 15 टक्के होतात, आणि पुष्कळ जण हिशेबात नेमकं हेच विसरतात. लाकडाची वाहकता 0.13, म्हणजे 90 मिमीचा रोध 0.69. स्टडमधून जाणाऱ्या वाटेचा एकूण रोध 0.95 आणि यू 1.05 येतो, रॉकवूलच्या वाटेच्या जवळजवळ तिप्पट.

समांतर वाटांची पद्धत असं मानते की उष्णता सरळ आरपार जाते, वाटेत आजूबाजूला सरकत नाही. तेव्हा दोन्ही वाटांच्या यू-व्हॅल्यूंची क्षेत्रफळाप्रमाणे सरासरी घ्यायची:

```
U = 0.85 × 0.362 + 0.15 × 1.050 = 0.465
R = 1 / 0.465 = 2.15
```

15 टक्के लाकडातून भिंतीची 34 टक्के उष्णता जाते. «जेमतेम» या शब्दाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

सरासरी यू-व्हॅल्यूची घ्यायची असते, आर-व्हॅल्यूची नव्हे. आर-व्हॅल्यूची घेतली तर 2.49 येतो आणि यू 0.40 दिसते. उष्णता दोन्ही वाटांनी एकाच वेळी जाते, म्हणून बेरीज वाहून नेण्याची होते, अडवण्याची होत नाही. टाकीला दोन नळ असतील तर आपण पाण्याचे प्रवाह मिळवतो, तोट्या किती घट्ट आहेत ते मिळवत बसत नाही.

पण समांतर पद्धतसुद्धा जरा आशावादी आहे. खरी उष्णता बोर्डातून आडवी सरकत स्टडपर्यंत पोचते आणि सोप्या वाटेने निघून जाते. म्हणून दुसरं टोकही काढतात: प्रत्येक थराच्या पृष्ठभागावर तापमान सगळीकडे सारखंच आहे, म्हणजे आडवं सरकायला काहीच अडथळा नाही, असं मानायचं. मग आधी फक्त मधल्या थराचा एकत्र रोध काढायचा आणि उरलेला 0.26 त्यात मिळवायचा:

```
1 / (0.85/2.5 + 0.15/0.692) = 1.80
R = 1.80 + 0.26 = 2.06
```

खरं उत्तर 2.06 आणि 2.15 यांच्या मध्ये कुठेतरी असतं. आयएसओ 6946 या आंतरराष्ट्रीय मानकाची एकत्रित पद्धत या दोन्हींची साधी सरासरी घेते: 2.10, म्हणजे यू 0.48. दोन टोकं इतकी जवळ आहेत की चूक असलीच तर दोन-सव्वादोन टक्क्यांची. लाकडी भिंतीला ही पद्धत छान बसते. कोटेशनमधल्या 0.36 पेक्षा हा आकडा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त आहे.

खरी फसगत स्टीलमध्ये आहे, आणि पुण्यात गच्चीवर चढतं ते बहुतेक स्टीलच. 1 मिमी जाडीचा सी-सेक्शन 600 मिमीवर लावला तर त्याची उभी पट्टी 0.17 टक्के जागा घेते. समांतर पद्धतीत यू 0.37 येतो, म्हणजे स्टील जणू नाहीच. फॉरवर्ड लिहिणारा इथेच खूश होऊन थांबला असावा. दुसऱ्या टोकाचं गणित करा. स्टीलची वाहकता 50, म्हणून मधल्या थराचा रोध 2.5 वरून 0.75 वर कोसळतो आणि यू 0.99 होतो. एकाच भिंतीला एक पद्धत 0.37 म्हणते आणि दुसरी 0.99!

अशा वेळी मधला आकडा घेऊन मोकळं होता येत नाही. वरच्या टोकाच्या रोधाला खालच्याने भागून 1.5 पेक्षा जास्त आलं तर ही पद्धत चालत नाही, आणि धातू इन्सुलेशन भेदून जात असेल तरीही नाही, असं त्याच मानकात म्हटलं आहे. इथे भागाकार जवळजवळ 2.7 येतो. कारण पट्टी पातळ असली तरी स्टडची 40 मिमी रुंद कड, म्हणजे फ्लँज, बोर्डाला चिकटून उष्णता गोळा करते, आणि क्षेत्रफळाच्या हिशेबात हा फ्लँज कुठेच दिसत नाही. हलक्या स्टीलसाठी ब्रिटनमधल्या बीआरई या संस्थेच्या डायजेस्ट 465 ची रीत दोन टोकांना वेगवेगळं वजन देते, आणि ते वजन फ्लँजची रुंदी, स्टडचं अंतर आणि खोली यांवर ठरतं. आपल्या भिंतीला त्या रीतीने यू सुमारे 0.59 येते. अमेरिकेतलं अ‍ॅश्रे 90.1 मानकही तेच सांगतं: 16 इंचांवरच्या स्टील स्टडमध्ये तिथल्या एककातली आर-13 ची गादी भरली तर ती आर-6 इतकीच धरायची. गादीचे निम्म्याहून जास्त पैसे स्टडने खाल्ले.

गणितावर विश्वास नसेल तर एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला एसी चालू असलेल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीकडे थर्मल कॅमेरा धरा. दर 600 मिमीवर उभे गरम पट्टे दिसतील. पट्टे दिसलेच नाहीत तर बाहेरून सलग इन्सुलेशन आहे का, ते आधी विचारा.

राहिला पुण्याचा मुद्दा, आणि तो अर्धा मला मान्य आहे. 15 चौरस मीटरची भिंत, बाहेर 38 अंश, आत 26: 0.36 ने 65 वॅट, 0.59 ने 106 वॅट. त्यावर ऊन पडलं की फरक वाढतो, पण एवढ्याने एसीचा टनेज बदलत नाही. पडदा नसलेली पश्चिमेची खिडकी याहून कितीतरी जास्त उष्णता आत आणते. शिवाय यू-व्हॅल्यू स्थिर तापमानाची असते. जाड विटांची भिंत दुपारची उष्णता रात्रीपर्यंत अडवून ठेवते, हे तिच्यात दिसतच नाही. पण मग कोटेशनमध्ये 0.36 लिहून त्याचे पैसेही घेऊ नयेत.

उपाय महाग नाही. स्टडच्या बाहेरून 0.75 रोधाचा, म्हणजे साधारण 25 ते 30 मिमीचा, सलग बोर्ड लावला की स्टील त्याच्या मागे जातं आणि यू 0.4 च्या आसपास येते. तोच बोर्ड स्टडच्या मधल्या जागेत कोंबला तर स्टडची वाट उघडीच राहते. बोर्ड निवडताना मी फोमऐवजी रॉकवूलचा स्लॅब घेईन, कारण तो पेटत नाही. आणि फॅब्रिकेटरकडून यू-व्हॅल्यू मागताना दोन्ही टोकांचे आकडे लेखी मागा. एकच आकडा आला तर तो बहुधा रॉकवूलच्या पाकिटावरचा असतो.