केसांतला वारा आणि मावळतीचा उजेड

"लिक्विफायमध्ये केस एका बाजूला ओढा, वरून पांढऱ्या ब्रशने चार बटा काढा, झाला वारा. दोन मिनिटांचं काम!"

फोटोशॉपमध्ये फोटोतले केस वाऱ्यावर उडवायचे म्हटलं की असा सल्ला मिळतो, पण ओढणं आणि पांढरा ब्रश, दोन्ही फसतात. आधी ओढण्याचं. वाऱ्यात केस मुळापासून सरकत नाही. भांगाशी तो जागेवरच असतो, टोकाकडे जाता जाता वळतो. मोठ्या ब्रशने सगळंच ढकललं की विग घसरल्यासारखा दिसतो.

मी यवतमाळकडे एका धुऱ्यावर साखरपुड्याआधीचा फोटो काढला होता. मुलगी पऱ्हाटीपुढे उभी, केस मोकळे, सूर्य तिच्या मागे डावीकडे, वारा मात्र पडलेला. मी असेच केस ओढले आणि मागच्या कुंपणाची तार वाकली. घरच्यांना नेमकं काय ते सांगता येईना, पण फोटो खटकत होता.

मग केस वेगळ्या लेयरवर घेऊन स्मार्ट ऑब्जेक्ट केला आणि खालच्या लेयरवर जुन्या केसांच्या जागी क्लोन स्टॅम्पने शेत भरलं. लिक्विफायमध्ये भांगाजवळचा भाग Freeze Mask ने धरून ठेवला. Forward Warp चा ब्रश ७०० पिक्सेल, Pressure २० ठेवून एकाच लांब ओढीऐवजी छोटे छोटे धक्के दिले. ६००० पिक्सेल उंचीच्या फोटोत टोकं १५० पिक्सेलच्या आतच सरकवली. त्यापुढे केसांच्या रेषा फाकून कापडासारख्या दिसू लागल्या, म्हणून तिथंच थांबलो.

आता पांढरा ब्रश. खरी गफलत इथंच आहे. उजेड मागून असला की कडेचा बारीक केस गडद पानांपुढे सोनेरी चमकतो. तोच केस सावलीतल्या गालावर आला की गडद तपकिरी दिसतो, आणि उजळ आभाळापुढे गेला की जवळजवळ काळा. एकाच बटेला तीन ठिकाणी तीन रंग! म्हणून बटा आधी गडद तपकिरी काढायच्या, लेयरचा पारदर्शक भाग लॉक करायचा आणि शेजारच्या खऱ्या केसातून उचललेला सोनेरी रंग फक्त उजेडाच्या कडेवर फिरवायचा. गाल सावलीत असल्याने तिथं बटेची ठसठशीत सावली काढू नये.

चार समांतर, सारख्या लांबीच्या बटा लगेच पकडल्या जातात. दोन-तीन केस एकाच जागेतून निघावेत, एखादा दुसऱ्याला ओलांडावा. जाडी मुळाशी ३ पिक्सेल, टोकाला निमुळती. पेन टॅब्लेट नसेल तर ब्रशच्या Shape Dynamics मध्ये Size चा Control Pen Pressure वर ठेवावा, पेन टूलने रेषा काढून Simulate Pressure लावून स्ट्रोक द्यावा. तो दोन्ही टोकांना बारीक होतो, म्हणून सुरुवात केसांत लपवावी.

मला या फोटोला पाऊण तास लागला. त्यातही ओढणी सरळ लोंबत होती, म्हणून केस थोडेच उडवले. तेल लावून घट्ट घातलेली वेणी असेल तर लिक्विफाय उघडूच नये, कानाजवळचे दोन-तीन केस सोडले तरी पुरे.