रात्री दोन एकदम घ्या? कुणी शिकवलं हे!

डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळे जसं येतंय तसं लिहितेय.

बाबांची आज सकाळची गोळी राहिली. रक्त पातळ करणारी एपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, सकाळी ८ आणि रात्री ८, एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात आणि आत गुठळी होऊ शकते म्हणून. दुपारी साडेबाराला त्यांना डबीचा सकाळचा खण भरलेला दिसला. मी मीटिंगमध्ये असेन म्हणून मला फोन नाही केला, क्लिनिकला केला. आणि तिथे ज्या कुणी फोन उचलला त्या बाईंनी फाईल न बघता, गोळीचं नाव न विचारता, डॉक्टरांना न विचारता सांगून टाकलं, "आता राहू द्या काका, रात्री दोन एकदम घ्या." बस. फोन ठेवला.

मी आठला पाच कमी असताना घरात शिरले तर बाबा एका हातात पाण्याचा ग्लास आणि दुसऱ्या तळहातावर दोन गोळ्या घेऊन उभे. मी दारातूनच ओरडले. त्यांचा चेहरा पडला बिचाऱ्यांचा, "अगं तिकडून सांगितलं म्हणून घेत होतो." चूक त्यांची नव्हतीच! माणसाने गोळी चुकल्यावर विचारलं, हेच तर करायला हवं ना? विचारल्यावर जे उत्तर मिळालं ते चूक, आणि एका वाक्यात दोन-दोन चुका.

पहिली चूक "आता राहू द्या". साडेबारा म्हणजे जेमतेम साडेचार तास उशीर. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर सहा तासांच्या आत आठवल्यावर ती लगेच घ्यायची आणि पुढची तिच्या ठरलेल्या वेळेला, नेहमीसारखी एकच. दोन डोसमधलं अर्धं अंतर, एवढा सोपा हिशोब आहे. म्हणजे बाबांनी साडेबाराला एक घ्यायची, रात्री आठला एक, प्रश्न मिटला. तेच संध्याकाळी पाचला आठवलं असतं तर नऊ तास झालेले, पुढच्या गोळीला तीनच तास उरलेले, मग चुकलेली सोडून द्यायची आणि आठला एकच घ्यायची. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल, याच जातीच्या रिव्हारोक्साबॅन २० सारखी, तर हेच अंतर बारा तासांचं. काही गोळ्यांच्या आतल्या कागदावर हीच गोष्ट "त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या" अशी लिहिलेली असते, शब्द थोडे इकडेतिकडे. पण भरपाई म्हणून दोन एकदम घ्या असं एपिक्साबॅनच्या कागदावर कुठेही नाही. कुठेही नाही!

बाबांना कालच्या रात्री आठपासून आजच्या रात्री आठपर्यंत चोवीस तास गोळीविना ठेवलं त्या एका वाक्याने. आणि नंतर वर दुप्पट डोस द्यायला निघाले होते. आधी गुठळीचा धोका, मग रक्तस्रावाचा, एकाच दिवसात दोन्ही.

हे येतं कुठून ते मला माहीत आहे, म्हणून तर जास्त राग येतो. लोकांच्या डोक्यात अजून वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी जुनी गोळी बसलीय. बाबा आधी सहा वर्षं वॉरफरिनवर होते, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या त्या आयएनआर तपासणीच्या चकरा मी मारल्यात, मला शिकवू नका. वॉरफरिन यकृताला व्हिटॅमिन के वापरू देत नाही, त्यामुळे रक्त गोठवणारे नवे घटक नीट बनत नाहीत, पण जुने बनलेले संपायला दिवस जातात. म्हणून ते चढायलाही चार-पाच दिवस घेतं आणि उतरायलाही. एखादी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्यायची, वहीत लिहून ठेवायचं आणि पुढच्या तपासणीला सांगायचं. तिथेही दुप्पट घ्यायची नव्हतीच! पण एक दिवस चुकला तरी रक्त लगेच घट्ट होत नव्हतं, मधे गादी होती.

नव्या गोळ्यांना ती गादीच नाही. या गोळ्या रक्तात तयार असलेल्या घटकालाच जाऊन धरतात. एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, एडोक्साबॅन दहा-ए नावाच्या घटकाला, डॅबिगॅट्रान थ्रॉम्बिनला. घेतल्यावर दोन-चार तासांत पूर्ण काम सुरू, आणि एपिक्साबॅनचं अर्धं प्रमाण साधारण बारा तासांत शरीरातून गेलेलं. गोळी गेली की संरक्षण गेलं. म्हणूनच ती रोज वेळेवर लागते, आणि म्हणूनच "एखादा दिवस नाही घेतली तर काय होतंय" हे वाक्य ऐकलं की माझा तोल जातो. हे वाक्य मला आजवर काकांनी, शेजारच्यांनी आणि एका दातांच्या दवाखान्यातल्या माणसाने ऐकवलंय.

आणि "दोन एकदम" पूर्ण हवेतून आलेलं नाही, तेही सांगते. पायातल्या शिरेत गुठळी झाल्यावर रिव्हारोक्साबॅन पहिले तीन आठवडे १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. त्या २१ दिवसांत एक राहिली तर दिवसाचे ३० पूर्ण करायला दोन गोळ्या एकत्र चालतात. एक औषध, एक आजार, तीन आठवडे! ते कुठेतरी ऐकायचं आणि दुसऱ्याच औषधावरच्या म्हाताऱ्या माणसाला फोनवर सांगून टाकायचं. निदान "कुठली गोळी, दिवसातून किती वेळा" एवढे दोन प्रश्न विचारा हो.

मागच्या वर्षीचं तर मी विसरूच शकत नाही. बाबांना वॉरफरिन बंद करून ही गोळी सुरू केली, आणि दोन महिन्यांनी एका तपासणीत कुणीतरी जुन्या सवयीने आयएनआर काढला. आला १.२. लगेच "औषध लागू पडत नाहीये, डोस वाढवायला लागेल." अरे, आयएनआर वॉरफरिन मोजायला आहे! एपिक्साबॅन व्यवस्थित चालू असलेल्या माणसाचाही आयएनआर नॉर्मलच्या जवळपास येऊ शकतो, दोन ते तीनमध्ये असायला हवा हा नियम या गोळीला नाहीच. इथे बघायची असते किडनी आणि हिमोग्लोबिन, कारण किडनी मंदावली की औषध साचतं. ती तपासणी मात्र मी आठवण करून दिल्याशिवाय एकदाही कुणी लिहिली नाही.

आणि ते काळ्या शौचाचं प्रकरण. बाबांचा गुडघा दुखत होता, काकांनी स्वतःची डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी दिली, "मी घेतो, काही होत नाही." काका रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर नाहीत, बाबा आहेत, एवढा फरक कुणाच्या डोक्यात आला नाही. पाच दिवसांनी शौच काळं. बाबांनी दाखवायला नको म्हणून सांगितलंच नाही, तिसऱ्या दिवशी सहज बोलले. फोन केला तर पलीकडून उत्तर, "लोहाची गोळी चालू असेल, त्याने होतं." लोहाच्या गोळीने काळपट होतं, मान्य, पण बाबांना लोहाची गोळी चालूच नव्हती! आणि हे साधं काळपट नव्हतं, डांबरासारखं चिकट, चमकणारं, भांड्याला धरून राहणारं आणि वास असा की बाथरूमचं दार उघडल्यावर कळावं. पोटात वरच्या बाजूला रक्त सुटलं आणि ते पचत खाली आलं की असं दिसतं. लाल काही दिसत नाही म्हणून लोक निवांत राहतात. जिना चढताना त्यांना धाप लागत होती, उठल्यावर गरगरत होतं, छाती धडधडत होती, ते सगळं आम्ही वयावर ढकललं होतं. हिमोग्लोबिन १२.८ वरून ८.४ वर आलेलं. जठरात अल्सर निघाला. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यातली कुठलीही गोळी आता घरात ठेवत नाही मी. कुणी पाहुणा घेऊन आला तरी त्याच्याच बॅगेत ठेवायला लावते.

तेव्हापासून मी घरात सगळ्यांना बजावलंय. दात घासताना जरासं रक्त, कुठे आपटून आलेला निळा डाग, हे डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सांगायचं. नाक दाबून धरून दहा-पंधरा मिनिटांनीही थांबत नाही, लघवी लाल, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. आणि डोक्यावर पडले तर जखम दिसो न दिसो, ते "मी ठीक आहे" म्हणोत न म्हणोत, थेट इमर्जन्सी, कारण कवटीच्या आत रक्त हळूहळू साचतं आणि माणूस काही तास बोलत-चालत असतो. अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, एक बाजू लुळी, बोलणं अडखळणं, तेव्हाही तेच. तिथे पहिला प्रश्न येतो कुठली गोळी आणि शेवटची किती वाजता घेतली. हे उत्तर देता आलं पाहिजे, त्यावर उपचार ठरतो. मी बाबांच्या डबीच्या झाकणावर ते लिहून चिकटवलंय.

अजून एक, कारण आत्याच्या घरी याच आठवड्यात हा विषय निघाला. तिच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे आणि तिची सून म्हणतेय, आता नवीन गोळ्या आल्यात, त्या चकरा कशाला. नाही! धातूची झडप असेल तर वॉरफरिनच. डॅबिगॅट्रान झडपेच्या रुग्णांवर करून बघितलं होतं, गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, चाचणी मधेच थांबवावी लागली. नवं ते सगळ्यांना चांगलं, हे कुणी ठरवलं? बाबांना ते चांगलं आहे, डोक्यात रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफरिनपेक्षा कमी, पालेभाजीचा हिशोब नाही. आत्याला नाही.

आज रात्री बाबांनी एकच गोळी घेतली, माझ्यासमोर. सकाळची गेली ती गेली. मग मला विचारलं, "आणि घेतली की नाही हेच आठवत नसेल तर?" बरोबर प्रश्न, कुणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. दिवसातून दोनदाची आहे, शंका आली तर परत घ्यायची नाही, पुढची वेळेवर. त्यांनी स्वतःच्या हाताने ते कागदावर लिहिलं आणि डबीच्या बाजूला ठेवलं. उद्या तोच कागद घेऊन मी क्लिनिकमध्ये जाणार आहे, डॉक्टरांनाच भेटणार आहे, आणि फोन उचलणाऱ्या माणसासमोर तो भिंतीवर लावल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.