टोकाच्या आकड्यावरून माती ओळखायची, तर जरा थांबा

«कोन टेस्टमध्ये फक्त टिप रेझिस्टन्स बघायचा. आकडा मोठा तर वाळू, छोटा तर चिकणमाती. आकडा जिथे बदलला तिथे थर बदलला. मग बोअरहोलवर खर्च कशाला?»

पहिलं वाक्यच सगळ्यात जास्त फसवतं. साधारण ३६ मिमी व्यासाचा शंकू सेकंदाला २ सेंमी वेगाने जमिनीत दाबला जातो आणि टोकाला होणारा विरोध मोजला जातो. हा विरोध माती किती घट्ट आहे हे सांगतो, ती कोणती हे नाही. समजा ६ मीटरवर दोन ठिकाणी आकडा सारखाच, २ मेगापास्कल आला. टोकामागच्या बाहीवर, म्हणजे स्लीव्हवर, एका ठिकाणी १० किलोपास्कल घर्षण आहे, दुसरीकडे ८०. हे घर्षण टोकाच्या रोधाने भागलं की पहिल्या ठिकाणी अर्धा टक्का येतो, दुसरीकडे चार. पहिली बहुधा सैल वाळू, दुसरी कडक चिकणमाती. खात्री करायची तर टोकाशेजारचा पाण्याचा दाब बघा. भूजल १ मीटरवर असेल तर वाळूत तो स्थिर पाण्याइतकाच, सुमारे ५० किलोपास्कल राहतो. चिकणमातीतून पाणी लगेच निसटत नाही, म्हणून तिथे तो सहसा कितीतरी वर चढतो. (अतिघट्ट मातीत मात्र उलट खालीही जातो, तेव्हा डोळे झाकून वाचू नका.)

आकडा बदलला की थर बदलला, हेही तसंच. वरच्या मातीचा भार वाढतो तसा रोधही वाढतो. एकसारख्या घनतेच्या वाळूत ३ मीटरवर ५ मेगापास्कल असतील, तर १२ मीटरवर साधारण १० दिसतील. थर एकच! म्हणूनच वर्गीकरणाच्या तक्त्यांत रोधातून वरचा भार वजा करून तो प्रभावी दाबाने, म्हणजे वरच्या भारातून पाण्याचा दाब वजा केल्यावर उरणाऱ्या दाबाने, भागतात.

उलट चूकही होते, आणि ती जास्त महागात पडते. शंकूला खालचा थर तिथे पोचायच्या आधीच जाणवतो आणि वरचा सुटल्यावरही काही काळ जाणवत राहतो. मऊ चिकणमातीत ४० सेंमीचा घट्ट वाळूचा पट्टा असेल, तर रोध चढेचढेपर्यंत पट्टा संपतो, कारण पूर्ण आकडा गाठायला घट्ट मातीत व्यासाच्या दहा-वीसपट किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. आलेखावर टोकदार शिखर दिसतं, सपाट माथा नाही. माथा नसेल तर तो आकडा त्या वाळूचा खरा रोध धरू नका. सीमा चढाच्या मध्याजवळ शोधा.

राहिला बोअरहोल. शंकू माती वर आणत नाही, त्यामुळे सेंद्रिय माती, सिमेंटसारखी जखडलेली वाळू, शिंपल्यांची वाळू अशा गोष्टी तक्त्यावर चुकीच्या खणात जाऊन बसतात. आधी शंकू दाबा, आलेखात शंकास्पद खोली हेरा, आणि शेजारी बोअर घेऊन नेमक्या त्याच खोलीवरचा नमुना काढा.